डोळ्यात लेन्स आणि पापणीवर मस्करा

गेल्या हिवाळ्यात आमच्या मोठ्या भाचीचा निकाह झाला. अलहम्दुलिल्लाह, सगळे नीट पार पडले. पण रुखसतीच्या वेळी नवरीची धाकटी बहीण हॉलच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसून होती. उजवा डोळा लाल, त्यातून पाणी वाहत होते आणि हातात ओला रुमाल होता. तिला चष्म्याचा नंबर उणे साडेचार आहे. दोन्ही लेन्स काढून ठेवाव्या लागल्या होत्या आणि चष्मा घरीच राहिला होता. या नंबरला चष्म्याशिवाय वीतभर अंतरापलीकडचे सारे धूसर दिसते. बहीण गळ्यात पडून रडली तेव्हा तिला बहिणीचा चेहरासुद्धा धड दिसला नाही. "खाला, तिने नथ घातली होती का हो?" असे तिने दुसऱ्या दिवशी आम्हाला विचारले, तेव्हा आमचेच डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी डोळ्यात पिवळसर रंगाचा थेंब टाकून निळ्या प्रकाशात पाहिले. डोळ्याच्या काळ्या भागावर जो काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. त्यावर एक बारीक ओरखडा हिरवा चमकत होता. डॉक्टरांनी वरची पापणी उलटी केली तेव्हा आतल्या बाजूला चमकीचा एक कण चिकटलेला सापडला. औषधाचे थेंब दिले, पाच दिवस लेन्स बंद आणि पाच दिवसांनी पुन्हा तपासणी. डोळा बरा झाला. परंतु आम्हाला प्रश्न पडला की त्या संध्याकाळी नेमके काय चुकले? महागडे सामान होते, मेकअप करणारी मुलगी अनुभवी होती, लेन्सही नव्या होत्या. म्हणून एका दुपारी आम्ही मायलेकींना घेऊन बसलो, तिची मेकअपची पिशवी पांढऱ्या कागदावर रिकामी केली आणि एकेक वस्तू तपासली. त्यात जे हाती लागले ते या महिन्याच्या पानात सांगत आहोत, कारण आता घरोघरी लेन्स घालणाऱ्या मुली आहेत आणि ईद, वलीमा, मंगनी अशा प्रसंगी हाच घोटाळा होतो.

कण डोळ्यात जातो कसा?

आधी डोळ्याची रचना थोडी समजून घेऊ. आपल्या डोळ्यावर अश्रूंचा अतिशय पातळ थर असतो. त्याच्या सर्वांत वर तेलाची एक झिरझिरीत साय असते, तिच्यामुळे खालचे पाणी लगेच सुकत नाही. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींतून येते. त्या ग्रंथींची तोंडे पापण्यांच्या केसांच्या आतल्या बाजूला, डोळ्याला टेकणाऱ्या ओलसर कडेवर असतात. ज्या कडेवर आपण काजळ भरतो, तीच ही कड.

लेन्स या अश्रूंच्या थरात तरंगते. थराचा काही भाग लेन्सच्या वर आणि काही खाली अशी वाटणी होते. एरवी डोळ्यात कण पडला तर डोळा पाणी सोडतो, आपण दोनचार वेळा पापण्या मिटतो आणि कण नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेर येतो. लेन्स घातलेली असली की हा कण तिच्या कडेखाली सरकू शकतो. मग प्रत्येक मिटण्याबरोबर लेन्स हलते आणि कण कॉर्नियावर घासला जातो. पापणीच्या आतल्या बाजूला अडकलेला कणही तसाच काम करतो. आमच्या भाचीच्या बाबतीत असेच झाले होते.

सुरमा-काजळ आत भरले तर ते अश्रूंत किती लवकर उतरते, याची तपासणी ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठात झाली होती आणि ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. चमकीचे आयलायनर एकदा केसांच्या आतल्या कडेवर आणि एकदा केसांच्या बाहेर लावून संशोधकांनी चित्रीकरण केले. आतून लावल्यावर पहिल्या पाच मिनिटांतच बाहेरून लावल्यापेक्षा १५ ते ३० टक्के जास्त कण अश्रूंच्या थरात दिसले आणि ते जास्त वेगानेही पोहोचले. म्हणजे चांगले किंवा वाईट आयलायनर हा प्रश्न नंतरचा. ते कुठे लावले, हा पहिला प्रश्न. लेन्स घालणाऱ्या मुलीने केसांच्या मुळाशी बाहेरच्या बाजूने रेघ ओढावी आणि आतली ओली कड मोकळी सोडावी. आमच्या घरातल्या आजीला हे पटत नव्हते. तिच्या मते काजळ आतच हवे, नाहीतर ते काजळ कसले? पण नातीचा लाल डोळा तिनेही पाहिला होता.

सुरम्याबद्दल एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. बाजारातल्या काही सुरम्यांत शिशाचे प्रमाण फार असते, कारण त्यातली काळी पूड हा शिशाचाच एक खनिज दगड असतो. सौंदर्यप्रसाधनांत रंगासाठी शिशाची संयुगे वापरायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे, तरीही हाताने वाटलेल्या किंवा परदेशातून पिशवीत आलेल्या सुरम्यावर काय घातले ते लिहिलेले नसते. शिवाय तो कोरडी पूड असल्याने लेन्सखाली जायला सर्वांत सोपा. लेन्स डोळ्यात असताना सुरमा नको, इतके धरून चाला. लहान मुलांच्या डोळ्यांत तर असला सुरमा लेन्स नसतानाही घालू नये.

मस्करा: पडणारा आणि पसरणारा

पिशवीतला मस्करा मागच्या ईदला घेतलेला होता. म्हणजे उघडून आठेक महिने झाले होते. तो घट्ट झाला म्हणून तिने त्यात दोन थेंब गुलाबपाणी घातले होते. निकाहच्या दिवशी त्यावर सलूनमधल्या मुलीने स्वतःकडच्या वॉटरप्रूफ मस्कऱ्याचा दुसरा हात दिला होता. यातली प्रत्येक गोष्ट चुकीची होती. त्या का चुकीच्या, ते पाहू.

मस्कऱ्याच्या दोन तक्रारी असतात आणि आपण त्या एकच समजतो. एक पसरण्याची. डोळ्याखाली काळी सावली पडते. याचे कारण बहुधा तेल असते: डोळ्याभोवतीची क्रीम, चेहऱ्याचा घाम, त्वचेचे तेल. दुसरी तक्रार गळण्याची. सुकलेल्या मस्कऱ्याचे काळे तुकडे पडतात. लेन्सवाल्या मुलीचा खरा शत्रू हा दुसरा प्रकार. पसरलेला रंग गालावर राहतो, पण गळलेला तुकडा डोळ्यात जातो.

साधा मस्करा म्हणजे मेण, रंग आणि पाणी यांचे मिश्रण. केसांवर लावल्यावर पाणी उडून जाते आणि मेणाचा थर राहतो. थर पातळ असला तर केसाबरोबर वाकतो. जाड झाला, किंवा सुकलेल्या थरावर दुसरा थर चढवला, तर तो वाकत नाही, तडकतो. नळीत ब्रश वर-खाली पंपासारखा मारायची सवय असते, तिने आत हवा शिरते आणि मस्करा लवकर सुकतो. असा अर्धवट सुकलेला मस्करा नव्याने लावला तरी दोन तासांत तुकडे पाडायला लागतो. त्यात पाणी, गुलाबपाणी किंवा थुंकी घालून पातळ केले तर मिश्रण बिघडते, आणि जंतूंना वाढायला ओल मिळते ती वेगळीच. ब्रश रोज पापणीला लागून पुन्हा नळीत जातो, म्हणून मस्करा उघडल्यापासून तीन महिन्यांत टाकून द्यावा. डबीवर उघड्या झाकणाचे छोटे चित्र असते आणि त्यात ६ किंवा १२ आकडा व पुढे एम अक्षर असते. ते महिने दाखवते. मस्कऱ्यावर सहा लिहिलेले असले तरी लेन्स घालणाऱ्यांनी तीनच धरावेत. उघडल्याची तारीख नळीवर चिकटपट्टी लावून लिहिली की आठवण्याची गरज पडत नाही.

मग घ्यायचा कोणता? आम्ही दुकानात चार प्रकार ठेवून पाहिले.

केस लांब दाखवणाऱ्या काही मस्कऱ्यांत नायलॉन किंवा रेयॉनचे बारीक तंतू घातलेले असतात. ते केसांच्या टोकाला चिकटतात आणि दिवसभरात सुटूही शकतात. लेन्सवाल्यांनी हा प्रकार सरळ बाजूला ठेवावा. डबीवर फायबर असा शब्द दिसला की समजावे.

वॉटरप्रूफ मस्करा घामाने आणि अश्रूंनी पसरत नाही, हे खरे. पण त्याचा तुकडा पडला तर तोही अश्रूंत विरघळत नाही. तो लेन्सला चिकटतो आणि काढायला तेलाचे द्रव लागते, तेच तेल पुढे लेन्सवर येते. लेन्सवाल्यांसाठी ही दुहेरी अडचण.

साधा, पाण्याने धुतला जाणारा मस्करा चालतो, पण ताजा हवा आणि एकच पातळ हात हवा.

चौथा प्रकार अलीकडे मिळू लागला आहे. त्याला ट्यूबिंग मस्करा म्हणतात. त्यात मेणाऐवजी पॉलिमरचा भर असतो आणि तो प्रत्येक केसाभोवती नळीसारखे लवचीक आवरण तयार करतो. हे आवरण तडकत नाही, तेलाने पसरत नाही आणि कोमट पाण्याने भिजवून हलके ओढले की बारीक काळ्या धाग्यांसारखे सुटून येते. पाणी काळे होत नाही, ही त्याची खूण. सध्या लेन्सवाल्यांसाठी आम्हाला हाच प्रकार सर्वांत बरा वाटतो. फक्त काढताना तेच धागे डोळ्यात जाऊ नयेत म्हणून लेन्स आधी काढावी लागते.

डबीवर डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलेला असे लिहिलेले असते, त्यावर मात्र फार भिस्त ठेवू नये. तो आठ तासांनी गळतो की नाही, ते त्या शब्दांवरून कळत नाही. आम्ही घरी केलेली परीक्षा जास्त उपयोगी. कामाचा साधा दिवस निवडा, लेन्स घालू नका, चष्मा लावा. सकाळी मस्कऱ्याचा एक हात द्या. सहा तासांनी ओला पांढरा कापूस डोळ्याखाली हलके टेकवा आणि उजेडात पाहा. काळे ठिपके आले तर मस्करा गळतो, तो लेन्सबरोबर वापरायचा नाही. नुसती काळी झाक आली तर तो पसरतो. त्यावर उपाय डोळ्याभोवतीची क्रीम कमी करण्याचा. कापूस स्वच्छ निघाला तर मस्करा ठेवायचा. भाचीच्या जुन्या मस्कऱ्याने कापसावर तिळासारखे अकरा ठिपके टाकले. नव्या ट्यूबिंग मस्कऱ्याने एकही टाकला नाही.

रंग लावताना उडणारी धूळ

पापणीवर लावायच्या रंगात, म्हणजे आयशॅडोत, अभ्रकाची पूड असते. चमक तिच्यामुळे येते. शिवाय टाल्क आणि रंगद्रव्ये. कंपनी हे सारे दाबून वडी करते. वडी नीट दाबलेली असेल तर ब्रशवर रंग येतो आणि पापणीवर बसतो. सैल असेल तर ब्रश टेकताच पूड उडते, आणि ती गालावर पडते तशीच डोळ्यातही. त्या संध्याकाळी सलूनमधल्या मुलीने डबीतली सुटी चमकी मोठ्या मऊ ब्रशने झाडल्यासारखी पापणीवर फिरवली होती, तीही डोळा उघडा असताना. मोठ्या आकाराची चमकी बहुधा प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याची कापलेली असते. तिला कडा असतात. डॉक्टरांनी काढलेला कण तसलाच होता.

दुकानात परीक्षा सोपी आहे. नमुन्याच्या डबीतल्या रंगावर बोट हलकेच टेकवा. रंग बोटाला साबणासारखा मऊ लागला आणि डबीत भोवती धूळ उरली नाही, तर ठीक. बोट लावताच कडेला भुसा जमला तर तो रंग सोडून द्या, तो कितीही सुंदर दिसला तरी. घरी असलेल्या रंगासाठी ब्रश भरून पांढऱ्या कागदावर धरा आणि ब्रशच्या दांड्यावर एकदा टिचकी मारा. कागदावर जे पडेल तेवढेच आणि तसेच तुमच्या डोळ्यापाशी पडणार. नमुन्याची डबी मात्र फक्त बोटाने पाहायची. दुकानातला रंग डोळ्याला लावून पाहायचा नाही, कारण तिथे किती हात आणि किती डोळे लागलेले असतात ते कोणाला ठाऊक?

सर्वांत कमी धूळ क्रीमच्या रंगाची. तो कांडीच्या किंवा छोट्या डबीच्या रूपात येतो, बोटाने लावला की एका मिनिटात बसतो. पण उन्हाळ्यात आणि घाम येणाऱ्या त्वचेवर पापणीच्या घडीत जमतो, म्हणून थर अगदी पातळ हवा. पुडीचाच रंग हवा असेल तर आधी क्रीमच्या रंगाचा पातळ हात द्यावा आणि पुडी त्यावर दाबून बसवावी. दाबून, झाडून नव्हे. लहान, दाट केसांचा ब्रश घ्यावा, रंगाला टेकवून चेहऱ्यापासून दूर धरून टिचकी मारावी, डोळा पूर्ण मिटावा आणि पापणीच्या मधोमध टेकवत टेकवत जावे. चमक हवीच असेल तर दाबलेल्या वडीतला मोत्यासारखा बारीक चमकदार रंग वापरावा, तोही पापणीच्या मध्यभागी, केसांपासून थोडा दूर. रंग बसल्यावर डोळा मिटलेला असतानाच गालावरची धूळ पंख्यासारख्या मऊ ब्रशने खाली झाडावी. मग डोळा उघडावा.

आधी लेन्स, मग मेकअप

भाचीने लेन्स शेवटी घातली होती. तिचे म्हणणे असे की आधी घातली तर डोळ्यातून पाणी येते आणि काजळ पसरते. पण मेकअप झाल्यावर बोटांवर क्रीम, फाउंडेशन आणि पुडी असते. हे सारे लेन्सला लागते आणि लेन्सखाली बंद होते. आजकालच्या महिन्याच्या लेन्स बहुतेक सिलिकॉन हायड्रोजेलच्या असतात. त्यांतून प्राणवायू चांगला जातो, पण तेलाला त्या लवकर धरतात. एकदा क्रीमचा डाग बसला की दिवसभर धुक्यातून पाहिल्यासारखे होते.

म्हणून क्रम असा ठेवावा. हात साध्या, क्रीम नसलेल्या साबणाने धुवावेत आणि धागे न सुटणाऱ्या कपड्याने कोरडे करावेत. मग लेन्स घालावी. दहा मिनिटे थांबावे, डोळे स्थिर होतात, आलेले पाणी टिपून घ्यावे. मग चेहऱ्याचा मेकअप, मग डोळ्याचा रंग, रेघ आणि शेवटी मस्करा, तोही केसांच्या मुळापासून नव्हे तर मध्यापासून टोकाकडे. मेकअप टिकवणारा फवारा मारायचा असेल तर डोळे घट्ट मिटावेत आणि तो सुकेपर्यंत मिटलेलेच ठेवावेत.

आपल्या घरांत आणखी दोन गोष्टींची भर पडते. हिजाब डोक्यावरून ओढून बांधताना कापड पापण्यांना घासते आणि नुकत्याच लावलेल्या मस्कऱ्याचे तुकडे पाडते. हिजाब आधी बांधून घ्यावा किंवा मस्करा पूर्ण सुकेपर्यंत थांबावे. नकाब घालणाऱ्या भगिनींना दुसरी अडचण येते. श्वासाची ऊब नकाबाच्या वरच्या कडेतून डोळ्यांकडे जाते आणि लेन्स लवकर कोरडी पडते. कोरड्या लेन्सवर कण जास्त चिकटतो. नाकापाशी नकाब नीट बसवला तर हवा खाली जाते. लेन्सवर चालणारे, डॉक्टरांनी सुचवलेले ओलाव्याचे थेंब पर्समध्ये ठेवावेत. लाली घालवणारे थेंब लेन्सवर टाकू नयेत.

वुजूचा प्रश्न तर हमखास विचारला जातो. पाणी पापण्यांच्या केसांपर्यंत पोहोचले पाहिजे, म्हणून त्यावर आवरण करणारा मस्करा काढावा लागतो, आणि हे फक्त वॉटरप्रूफ मस्कऱ्यापुरते नाही. बारीक मसला आलिमांना विचारावा. आम्ही फक्त व्यवहाराची गोष्ट सांगतो. लेन्स डोळ्यात असताना घाईघाईने मस्करा घासून काढणे डोळ्याला सर्वांत वाईट. त्यापेक्षा असरची नमाज झाल्यावर, वुजू असताना मेकअपला बसावे. मगरिबपर्यंत वुजू राहिला तर प्रश्नच नाही, आणि राहणार नसेल असे वाटले तर त्या दिवशी मस्करा सोडून नुसती बाहेरची रेघ आणि दाबलेला रंग ठेवावा. रंग पाण्याने सहज निघतो. तोंड धुताना डोळे मिटलेलेच असतात, त्यामुळे वुजूसाठी लेन्स काढायची गरज पडत नाही. मात्र उघड्या डोळ्यावर पाण्याचे हबके मारू नयेत.

हॉलमध्ये टोचले तर

त्या रात्री टोचायला लागल्यावर भाचीने काय केले? ओढणीच्या टोकाने डोळ्याचा कोपरा चोळला. चोळल्याने कण आणखी रुतला. मग बाथरूममध्ये जाऊन लेन्स काढली, आणि एका मैत्रिणीने ती नळाखाली धरायला सांगितली. आम्ही वेळेवर पोहोचलो म्हणून ते टळले. नळाच्या पाण्यात अकँथामिबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो लेन्सबरोबर डोळ्यात गेला तर कॉर्नियाचा असा आजार होतो की उपचार महिनोन्महिने चालतात आणि नजरही जाऊ शकते. लेन्सला पाणी कधीच लावायचे नाही, नळाचे नाही, बाटलीचे नाही, आणि थुंकी तर नाहीच.

टोचले तर न चोळता ओलाव्याचे दोन थेंब टाकावेत आणि सावकाश पापण्या मिटाव्यात. तेवढ्याने थांबले नाही तर हात धुऊन, कोरडे करून लेन्स काढावी. इथे एक खूण लक्षात ठेवावी. लेन्स काढताच टोचणे थांबले, तर दोष बहुधा लेन्सवर किंवा तिच्याखाली होता. महिन्याची लेन्स तळहातावर ठेवून लेन्सच्या द्रवाने बोटाने वीसेक सेकंद हलके घासावी, पुन्हा द्रवाने धुवावी, उजेडाकडे धरून पाहावी आणि स्वच्छ दिसली तरच घालावी. फाटलेली किंवा तेलकट डाग असलेली लेन्स पुन्हा घालू नये. पण लेन्स काढूनही टोचत राहिले, प्रकाश सहन होईना, लाली वाढली, किंवा नजर धूसरच राहिली, तर कॉर्नियाला इजा झाली असे समजून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. लेन्स आणि तिची डबी बरोबर न्यावी, जंतू तपासायचे झाले तर उपयोगी पडते. घरातले जुने थेंब टाकू नयेत, आणि डोळ्यावर पट्टीही बांधू नये.

म्हणून समारंभाला जाताना छोट्या डबीत चार वस्तू हव्यात: चष्मा, लेन्सची रिकामी डबी, द्रवाची लहान बाटली आणि ओलाव्याचे थेंब. ज्यांना परवडते त्यांनी मेकअपच्या दिवसापुरत्या एका दिवसाच्या लेन्स घ्याव्यात. खराब झाली तर काढून टाकता येते आणि दुसरी घालता येते. रोजच्या वापरात त्या महाग पडतात, पण वर्षातून सहा समारंभ असतील तर तेवढ्या जोड्यांचा खर्च डॉक्टरांच्या फीपेक्षा जास्त होत नाही.

घरी परतल्यावर क्रम उलटा. आधी हात धुवून लेन्स काढायच्या, मग मेकअप. तेलाने किंवा बामने मेकअप काढला तर नंतर पापण्या सौम्य फेसाने धुवाव्यात. तेलाची साय कडेवर राहिली तर सकाळी घातलेली लेन्स धुरकट होते आणि आपण लेन्सला दोष देतो.

गेल्या महिन्यात घरात दुसऱ्या भाचीचा निकाह झाला. सलूनच्या मुलीला धाकटीने आधीच सांगितले होते की मस्करा आणि ब्रश माझे असतील, दुसऱ्यांचे लागू द्यायचे नाहीत. असरनंतर लेन्स घातल्या, मग क्रीमचा तांबूस रंग, त्यावर दाबून बसवलेला मोतिया, बाहेरून एक रेघ आणि ट्यूबिंग मस्कऱ्याचा एकच हात. आतली कड मोकळी. पर्समध्ये चष्मा होता, पण तो बाहेर काढावा लागला नाही. रुखसतीला बहिणीच्या गळ्यात पडून ती पोटभर रडली. मस्करा जागचा हलला नाही. रात्री घरी आल्यावर म्हणाली, "खाला, या वेळी नथ पाहिली. मोती तीन होते."